खरेदीखत वाचायचं कसं: एका प्लॉटच्या दस्तावरून, कलम दर कलम

मावशीने तालुक्याच्या गावात 40 बाय 50 फुटांचा एक बिनशेती प्लॉट घ्यायचा ठरवला होता, 24 लाखांत. दस्ताचा ड्राफ्ट आला आणि तिने फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, "बघ रे जरा, परवा रजिस्ट्रेशन आहे." अकरा पानं होती. मी वकिलांच्या ऑफिसात बरीच वर्षं असले दस्त टाईप करतोय, तपासतोय, तरी मी तिला म्हटलं परवाची तारीख आधी पुढे ढकल. कारण त्या अकरा पानांत तीन ठिकाणी असं काही होतं की सही झाल्यावर ते निस्तरायला वर्षं गेली असती. तोच ड्राफ्ट समोर ठेवून सांगतो, म्हणजे कुठलं कलम कशासाठी असतं आणि त्यात नेमकं काय बघायचं ते कळेल.

सुरुवात मिळकतीच्या वर्णनापासून करा

आपल्याकडच्या मराठी दस्तात लिहून घेणार म्हणजे विकत घेणारा आणि लिहून देणार म्हणजे विकणारा, यांची नावं झाली की लगेच मिळकतीचं वर्णन येतं, इंग्रजी पद्धतीच्या दस्तात ते शेवटी परिशिष्ट म्हणून जोडतात. कुठेही असू दे, आधी तेच वाचा. बाकीच्या सगळ्या कलमांत "सदर मिळकत" असा शब्द येतो आणि ती सदर मिळकत म्हणजे काय हे फक्त इथे ठरतं. इथे चूक असेल तर पुढचं उत्तम लिहिलेलं कलमसुद्धा चुकीच्या जमिनीबद्दल बोलतंय असं होतं.

मावशीच्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं, "प्लॉट नं. 14, क्षेत्र 2000 चौरस फूट म्हणजेच 200 चौरस मीटर." वाचताना खटकत नाही, आकडे गोल आहेत ना. पण एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, त्यामुळे 2000 चौरस फुटांचे होतात 185.8 चौरस मीटर. म्हणजे 14 चौरस मीटरचा फरक, दीडशे चौरस फूट, एक चांगली खोली. बरं हा फरक खरेदीदाराच्या फायद्याचा वाटतो, पण तसा तो नाही. मंजूर रेखांकनात, म्हणजे लेआउटच्या नकाशावर, प्लॉट 185.8 चाच आहे, मग फेरफार नोंदवताना क्षेत्र जुळत नाही म्हणून अर्ज अडतो, शिवाय शेजारच्या प्लॉटवाल्याला वाटतं की हे माझ्यात घुसतायत. म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसा. दस्तातला आकडा तीन कागदांशी लावून बघा: सातबारा, लेआउटचा नकाशा आणि मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. गुंठ्यात लिहिलं असेल तर 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, आणि सातबाऱ्यावरचा 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा आणि आर हे एकच समजून टाईप केलेले दस्त मी भरपूर पाहिलेत, जवळजवळ सारखे असले तरी एक नाहीत, गुंठा 101.17 चौरस मीटरचा असतो.

आता चतु:सीमा. लोक हा भाग नुसता नजरेखालून घालतात. पण क्षेत्रफळ आणि सीमा एकमेकांशी जुळत नसतील तर कोर्ट साधारणपणे सीमांना जास्त वजन देतं, कारण जागेवर उभं राहून कुणालाही सीमा दाखवता येतात. ड्राफ्टमध्ये पूर्वेस, दक्षिणेस, उत्तरेस शेजारचे प्लॉट होते ते बरोबर होतं, पण पश्चिमेस लिहिलं होतं "लिहून देणार यांची उर्वरित मिळकत." मी लेआउट उघडून बघितला तर पश्चिमेला 6 मीटरचा रस्ता! मग हे असं का लिहिलं? तर लेआउट मंजूर झाला तरी रस्त्याचं क्षेत्र सातबाऱ्यावर जुन्या मालकाच्याच नावाने राहतं बऱ्याच ठिकाणी, आणि टाईप करणाऱ्याने सातबारा बघून लिहून टाकलं. त्याचा हेतू वाईट नसेलही, पण त्या एका ओळीमुळे मावशीच्या प्लॉटला दस्ताप्रमाणे रस्ताच राहिला नव्हता. उद्या त्यांनी तिथे तारेचं कुंपण घातलं असतं तर "तुमच्याच दस्तात आमची मिळकत लिहिलीय" असं सांगायला ते मोकळे.

आम्ही ती ओळ अशी बदलून घेतली: "पश्चिमेस मंजूर रेखांकनातील 6 मीटर रुंदीचा रस्ता", आणि वर्णनाच्या शेवटी जोडलं, "सदर रस्त्याने जाण्यायेण्याच्या तसेच त्याखालून नळ, ड्रेनेज व वीजवाहिनी नेण्याच्या हक्कासह." तुमच्या दस्तात "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी निक्षेपासह" अशी जुनी भारदस्त ओळ असेल, ती चालते, पण तिच्यात रस्ता येत नाही. रस्त्याचं वेगळं लिहून घ्या.

एक काम अजून करा, दस्ताचा कागद हातात घेऊन प्लॉटवर जा आणि चारही दिशांना तोंड करून एकेक सीमा मोठ्याने वाचा. मोबाईलचं होकायंत्र लावा. पूर्व-पश्चिम उलटी लिहिलेली अशी पटकन सापडते.

मग पूर्वपीठिका, म्हणजे मिळकत यांच्याकडे आली कशी

वर्णनानंतर एक लांबलचक परिच्छेद येतो, "सदर मिळकत ही लिहून देणार यांचे वडिलांनी अमुक साली..." असा. याला वकील लोक रिसायटल म्हणतात. याच्यात वचन नसतं, ही मिळकतीची गोष्ट असते, मालकी कुणाकडून कुणाकडे आणि कोणत्या कागदाने गेली त्याची. सहीच्या आधी हा भाग सगळ्यात हळू वाचायचा, कारण हक्कात काही खोट असेल तर ती इथेच दिसते.

वाचायची पद्धत सोपी आहे. कोऱ्या कागदावर उभी रेघ मारा आणि दस्तात सांगितलेली प्रत्येक घटना वरून खाली लिहीत जा, समोर तिचा कागद लिहा. मावशीच्या ड्राफ्टवरून माझा कागद असा झाला: 1991, वडिलांनी 40 आर जमीन खरेदी केली, नोंदणीकृत खरेदीखत. 2003, बिनशेती आदेश आणि लेआउट. 2009, वडील वारले. त्यानंतर "लिहून देणार नं. 1 व 2 यांची नावे वारसाने लागली", फेरफार नंबर दिलेला. 2016, आई वारली. आणि आज दोघे भाऊ विकतायत.

आता प्रत्येक दोन ओळींच्या मधल्या जागेला विचारायचं, इथे अजून कोण होतं? वडील 2009 मध्ये वारले तेव्हा आई जिवंत होती, मग वारस म्हणून फक्त दोघा भावांचीच नावं कशी लागली? फेरफाराची नकल काढली, त्यात भावांचं प्रतिज्ञापत्र होतं की आम्ही दोघेच वारस. मावशीला म्हटलं गावात चौकशी कर. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, एक बहीण आहे, लग्न होऊन कोल्हापूरला दिलेली.

थोरल्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, "ताईला लग्नात सगळं दिलंय हो, ती काही मागत नाही, आम्ही तिच्याकडनं स्टँपवर लिहूनपण घेतलंय." खरंच होता तो कागद, शंभराच्या स्टँपवर नोटरी केलेला. पण स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, नोटरीच्या कागदाने तो हक्क जात नाही. आणि लग्नात काय दिलं याचा वारसाहक्काशी संबंध नाही.

हिशोब करून बघू. जमीन वडिलांची स्वतःची खरेदी, म्हणून ते मृत्युपत्र न करता गेल्यावर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दोन मुलगे आणि मुलगी असे चौघे समान वारस, प्रत्येकी एक चतुर्थांश. पुढे आई गेली, तिनेही मृत्युपत्र केलं नव्हतं, तिचा चतुर्थांश तीन मुलांत सारखा. म्हणजे शेवटी तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश. दोघा भावांनी कितीही सह्या केल्या तरी ते दोन तृतीयांशच विकू शकतात. 24 लाख पूर्ण देऊन मावशी त्या बहिणीची सहहिस्सेदार झाली असती, आणि बहिणीने किंवा उद्या तिच्या मुलांनी वाटपाचा दावा लावला असता तर त्याला उत्तर नव्हतं. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क नाही असं होत नाही, सातबारा मुळात सारा वसुलीसाठीचा रेकॉर्ड आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही.

(जमीन वडिलोपार्जित असती तर हिशोब वेगळा झाला असता, पण मुलीला वगळता तेव्हाही आलं नसतं. 2005 ची दुरुस्ती आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा विनीता शर्मा निकाल यांच्यामुळे मुलगी जन्मापासून सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, आहे.)

बहिणीला दस्तात घ्यायचं ठरलं, भाऊही तयार झाले, तिच्या वाट्याचे 8 लाख थेट तिच्या खात्यात. पण इथे एक बारीक गोष्ट. सुधारित ड्राफ्टमध्ये तिला "संमती देणार" म्हणून घातलं होतं. संमती देणारा फक्त म्हणतो की या विक्रीला माझी हरकत नाही. तिचा स्वतःचा हिस्सा असेल तर तिने तो विकला पाहिजे. म्हणून आम्ही तिला "लिहून देणार नं. 3" करायला लावलं. तुमच्या दस्तात कुणी संमती देणार, मान्यता देणार असेल तर विचारा, यांचा हिस्सा आहे की नाही? असेल तर ते लिहून देणारच हवेत.

दस्तावर मूळ मालकाऐवजी कुलमुखत्यार सही करणार असेल तर ते कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा आणि दस्त नोंदवून द्यायचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, आणि देणारा माणूस आज हयात आहे का, हे तिन्ही बघा. माणूस गेला की साध्या मुखत्यारपत्राचा अधिकार संपतो.

मोबदला आणि भरणा

यात थोडंच बघायचंय पण नीट. किती रक्कम, कधी, कुठल्या बँकेतून, चेक नंबर किंवा आरटीजीएसचा यूटीआर नंबर, हे प्रत्येक हप्त्यासमोर लिहिलेलं हवं. "संपूर्ण रक्कम भरून पावली, याबाबत काही तक्रार नाही" ही ओळ हवीच. पुढच्या तारखेचा चेक देत असाल तर तेही जसं आहे तसं लिहा, कारण मालकी दस्ताने तुमच्याकडे आली तरी न दिलेल्या रकमेसाठी विकणाऱ्याचा बोजा कायद्याने त्या मिळकतीवर राहतो. मोबदला 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, त्याचाही उल्लेख भरण्यात येतो, नाहीतर बेरीज जुळत नाही. विकणारा परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचे नियमच वेगळे, तिथे सीएला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

भरण्याला लागूनच हस्तांतराचं खरं वाक्य येतं, "...कायम खुष खरेदी दिली असून आज रोजी प्रत्यक्ष ताबा दिला आहे." ताबा आजच मिळतोय का हे जागेवर जाऊन बघा. पूर्वपीठिका आणि हे वाक्य यांत फरक पडला, दोन्ही स्पष्ट असले, तर कोर्ट या वाक्याला धरतं. त्यामुळे वर "तीन वारसांची मालकी" आणि इथे "आम्ही दोघे विकतो" असं राहून गेलेलं नाही ना, तपासा.

हमी, म्हणजे विकणाऱ्याची वचनं

इथली भाषा ठराविक असते, "सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून त्यावर कोणताही बोजा, गहाण, दान, लीन, पोटगी, जप्ती नाही, कोणत्याही कोर्टात दावा चालू नाही, संपादनाची नोटीस नाही." यादी मोठी असली म्हणजे संरक्षण मोठं असं नसतं. यादीच्या आधी कुठले शब्द आलेत ते बघा. मावशीच्या ड्राफ्टमध्ये होतं, "आमचे माहितीप्रमाणे सदर मिळकतीवर कोणताही बोजा नाही." माहितीप्रमाणे! म्हणजे उद्या बँकेचा बोजा निघाला तर ते म्हणणार, आम्हाला माहीत नव्हतं, आणि दस्त त्यांच्या बाजूने बोलणार. ते दोन शब्द काढायला लावले. विकणाऱ्याने हमी सरळ द्यायची असते.

दुसरं वाक्य त्याहून वाईट, आणि ते हमीच्या परिच्छेदात नव्हतं, पार शेवटी होतं: "लिहून घेणार यांनी मिळकतीची व हक्काची संपूर्ण खात्री करून घेतली असून पुढे त्याबाबत कोणतीही तक्रार करणार नाहीत." हे वाचायला साधं वाटतं. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चं कलम 55 असं मानतं की विकणाऱ्याने "मी विकतोय तो हक्क खरंच माझ्याकडे आहे आणि मला तो विकायचा अधिकार आहे" अशी हमी दिलेलीच आहे, दस्तात लिहिली नसली तरी. मात्र याच्या उलट काही ठरलेलं नसेल तरच. हे शेवटचं वाक्य म्हणजे असं उलट ठरल्याचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं. कायद्याने फुकट दिलेलं संरक्षण आपण एका ओळीने धोक्यात घालतो. तुम्ही सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, घेतला असेल, खात्री केली असेल, तरी हे वाक्य राहू देऊ नका. फार आग्रह झाला तर "मिळकतीची प्रत्यक्ष पाहणी केली आहे" एवढंच ठेवा, हक्काचा शब्द नको.

याच भागात अजून दोन वचनं असतात का बघा. एक, आजपर्यंतचा शेतसारा, बिनशेती आकार, ग्रामपंचायतीचा कर विकणाऱ्याने भरायचा. दोन, फेरफार नोंदवायला लागणारे जबाब आणि सह्या ते पुढेही विनामोबदला देतील. दुसरं वचन लोक विसरतात, मग तलाठी ऑफिसात हरकत आली की विकणारा फोन उचलत नाही.

नुकसानभरपाई, जुन्या भाषेत तोशीस

"सदर मिळकतीबाबत कोणी हक्क, हितसंबंध सांगितल्यास त्याचे निवारण आम्ही स्वखर्चाने करून देऊ, तुम्हांस कोणतीही तोशीस लागू देणार नाही." ही ओळ जवळजवळ प्रत्येक दस्तात असते आणि लोक तिच्यावर निश्चिंत होतात. ती चांगली आहे पण अर्धी आहे. निवारण केलं नाही तर काय, किती पैसे, कुणी द्यायचे, हे तिच्यात नाही.

मी चार गोष्टी शोधतो. भरपाई कशामुळे द्यायची: ड्राफ्टमध्ये "लिहून देणार यांचे कृत्यामुळे" असं होतं, म्हणजे वडिलांच्या काळातली भानगड निघाली तर भरपाई नाही, म्हणून "लिहून देणार किंवा त्यांचे पूर्वहक्कदार यांचेमुळे अथवा हक्कातील कोणत्याही दोषामुळे" असं करून घेतलं. किती द्यायची: "मोबदल्याचे रकमेपुरती" असं असेल तर ते काढा. मावशीने प्लॉट घेतला, त्यावर 20 लाखांचं घर बांधलं आणि मग हक्क गेला, तर फक्त 24 लाख परत मिळून काय होणार? मोबदला, स्टँप ड्युटी, नोंदणी फी, बांधकामाचा खर्च, कोर्टखर्च असं मोजून लिहा. कुणी द्यायची: विकणारे एकापेक्षा जास्त असतील तर "एकत्रितपणे व स्वतंत्रपणे", म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्या एकाकडूनही पूर्ण वसूल करता येतं. आणि केव्हा: दावा हरल्यावरच, की हक्क सांगणारी नोटीस आल्यापासूनचा खर्चही? नोटीस आल्यापासून असं लिहून घ्या, वकिलाची फी पहिल्या दिवसापासून लागते.

पण हेही लक्षात ठेवा, भरपाईचं वचन विकणाऱ्याच्या ऐपतीएवढंच असतं. तो गेला तर त्याच्या वारसांकडून त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच वसुली होते. त्यामुळे बहिणीसारखी माहीत असलेली खोट "इंडेम्निटी, म्हणजे भरपाईचं वचन, घेतलीय ना" म्हणून तशीच ठेवायची नाही. माहीत असलेली खोट दस्ताच्या आधी दुरुस्त करायची, इंडेम्निटी माहीत नसलेल्या खोटीसाठी.

सहीच्या दिवशी

रजिस्ट्रेशनला जायच्या आधी दस्ताची माहिती ऑनलाईन भरली जाते, पब्लिक डेटा एन्ट्री म्हणतात तिला, आणि सूची क्रमांक 2, म्हणजे इंडेक्स टू, त्यातूनच तयार होतो. दस्त नीट आणि एन्ट्री चुकलेली असं होतं. मावशीच्या वेळी दस्तात 185.8 आणि एन्ट्रीत जुन्या ड्राफ्टवरचं 200 राहिलं होतं, तिथे काउंटरवर बसून बदलून घेतलं. सही करण्याआधी एन्ट्रीची प्रिंट मागा आणि नावं, गट नंबर, क्षेत्र, मोबदला हे चार दस्ताशी लावून बघा. नंतर चूक सापडली तर चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो, त्यासाठी सगळे विकणारे परत दुय्यम निबंधकाकडे यावे लागतात, आणि पैसे मिळाल्यावर तिघांना एका दिवशी गोळा करणं किती अवघड असतं ते ज्याला करावं लागलंय त्यालाच माहीत.

त्या दिवशी कोल्हापूरहून बहीण आली होती. तिचा अंगठा आणि फोटो झाला, 1991 चं मूळ खरेदीखत आणि बिनशेती आदेशाची प्रत मावशीने ताब्यात घेतली, आणि त्या कागदांची यादी दस्तात शेवटच्या पानावर लिहिलेली आहे की नाही ते तिने स्वतः चष्मा लावून वाचलं. मग सही केली.